पाटीवरची आणि टीशर्टवरची अक्षरं वाचता येतील अशी कशी ठेवायची

प्रश्न: आजोबांच्या किराणा दुकानाचा फोटो आहे, त्यात भावाला उभं करायचंय (त्याचा फोटो वेगळा आहे, मंडळाच्या टीशर्टवर) आणि मग सगळा फोटो ऑइल पेंटिंगसारखा करून फ्रेम करायचाय. ॲपमध्ये टाकला की पाटीवरच्या 'किराणा'चं भलतंच काहीतरी होतं, टीशर्टवरचं नाव पण जातं. प्रॉम्प्टमध्ये नाव नीट लिहून दिलं तरी तेच. काय करावं?

उत्तर:

माझं परभणीत फोटो आणि डीटीपीचं दुकान आहे, आणि मागच्या दोन वर्षांत असली कामं लई यायला लागलीत. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या मागचं नाव, लग्नातला बॅनर, कबड्डीची जर्सी, सगळीकडं हीच अडचण. प्रॉम्प्ट बदलत बसू नका, त्यात तुमचा दिवस जाईल. तुमची अक्षरं प्रॉम्प्टमुळं नाही बिघडत, ती स्टाईल लागायच्या आधीच गेलेली असतात. कामून ते आधी सांगतो, मग पुढचं आपोआप कळेल.

समजा तुमचा फोटो मोबाइलचा आहे, ४००० बाय ३००० पिक्सेलचा, आणि पाटीवरचं एक अक्षर शिरोरेषेपासून खालपर्यंत ७० पिक्सेल उंच आहे. मूळ फोटोत ते झकास वाचता येतं. आता बरीच ॲप काय करतात, फोटो आत घेतानाच १०२४ पिक्सेल रुंदीवर आणतात, म्हणजे जवळपास चारपट लहान. तुमचं ७० चं अक्षर झालं १८ पिक्सेलचं, आणि अनुस्वाराचा ठिपका जो १२ पिक्सेलचा होता तो राहिला ३ चा. इथपर्यंतही डोळ्याला थोडंफार वाचता येतं. पण या ॲपच्या आत चित्र बनवणारी जी एआय मॉडेलं असतात, त्यातली स्टेबल डिफ्यूजन जातीची मॉडेलं चित्रावर सरळ काम करत नाहीत, आधी त्याचं एक छोटं रूप बनवतात, त्यात ८ बाय ८ पिक्सेलचा एकेक चौकोन मिळून एक घर होतं. मग १८ पिक्सेलचं अक्षर म्हणजे उंचीला दोन-सव्वादोन घरं. त्या दोन घरांत शिरोरेषा, 'कि'ची वेलांटी, 'रा'चा काना, 'ण'च्या दोन दांड्या हे सगळं बसवायचंय, आणि अनुस्वार तर अर्ध्या घराचाही नाही. नाही बसत. मॉडेलला तिथं फक्त 'काहीतरी लाल अक्षरासारखं आहे' एवढं कळतं, आणि मग ते आपल्या मनानं अक्षरासारखं काहीतरी काढून देतं. आणि या मॉडेलांनी शिकताना पाहिलेल्या चित्रांत इंग्रजी अक्षरं भरपूर आणि देवनागरी कमी, म्हणून 'STORES' बऱ्यापैकी येतं आणि 'किराणा'चं 'करिणा' होतं. नव्या मॉडेलांना मोठी ठळक चार-सहा देवनागरी अक्षरं आता बऱ्यापैकी जमतात, पण दुकानाच्या पाटीवर खालच्या ओळीत 'सर्व प्रकारचे भुसार व किराणा मालाचे व्यापारी' असतं ना, ते अजून बऱ्याचदा बिघडतं.

म्हणून माझा नियम असा पडलाय की अक्षरं मॉडेलमधून जाऊच द्यायची नाहीत. आधी अक्षरं बाजूला काढून ठेवायची, मग माणूस बसवायचा, मग स्टाईल लावायची आणि सगळ्यात शेवटी अक्षरं परत आणायची. हा क्रम उलटा केला की काम दोनदा करावं लागतं.

आता अडचण किती मोठी आहे हे तुमच्या फोटोवर अवलंबून आहे, तर आधी एक मोजमाप घ्या. फोटो ज्या मापात ॲपमध्ये जाणार त्या मापाला लहान करा आणि पाटीवरच्या सगळ्यात बारीक ओळीतलं अक्षर किती पिक्सेलचं आहे ते बघा. माझ्या अनुभवात ६० च्या वर असेल आणि स्टाईल हलकी असेल तर अक्षरं बहुतेक टिकतात, ३० ते ६० मध्ये मोठी ओळ टिकते पण काना-मात्रा डगमगतात, आणि ३० च्या खाली काही आशा ठेवू नका. हे आकडे माझ्या कामातले आहेत, मॉडेल बदललं की थोडे इकडंतिकडं होतात. पाटी जर फोटोचा अर्धा भाग व्यापत असेल तर तुम्हाला पुढचं सगळं करायची गरजच नाही, 'Denoising strength', म्हणजे मॉडेलनं मूळ चित्र किती बदलायचं तो आकडा, ०.३ च्या आसपास ठेवून एकदा बघा. पण दुकानासमोर माणूस उभा असलेला फोटो म्हणजे पाटी वरच्या कोपऱ्यात आणि लहानच असणार, तेव्हा पुढचं वाचा.

मागच्या दिवाळीत सेलूकडच्या एका घरचं काम आलं होतं ते जवळपास तुमच्यासारखंच होतं, तेच धरून सांगतो. पिवळ्या पत्र्याची पाटी, लाल अक्षरात 'श्री गजानन किराणा व जनरल स्टोर्स', खाली निळ्यात भुसार मालाची ओळ, तिच्याखाली फोन नंबर आणि उजव्या कोपऱ्यात पेंटरची बारकी सही. त्यात नातवाला उभं करायचं होतं, अंगात 'जय हनुमान क्रीडा मंडळ' लिहिलेली पांढरी जर्सी, छातीवर ७ नंबर.

पहिलं काम, मूळ फोटोची एक कॉपी वेगळी ठेवून दिली आणि त्यातून पाटी कापून वेगळ्या लेयरवर घेतली. कापताना अक्षराच्या कडेनं नाही कापायचं, पाटीच्या चौकटीच्या कडेनं कापायचं. सिलेक्शनची कड मऊ केली की ती शिरोरेषा खाते, वरचे रफार आणि मात्रा तर आधी जातात, कारण त्या पाटीच्या वरच्या कडेला चिकटूनच असतात. चौकटीवर कड आली तर ती तशीही नैसर्गिक रेघ असते, जोड दिसत नाही. जर्सीचंही तसंच, छातीचा पूर्ण भाग घेतला.

मग त्या कॉपीवर पाटीवरची अक्षरं पुसली. क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रशनं सपाट पिवळा पत्रा करून टाकला, जर्सी पण कोरी पांढरी. हे लोकांना उलटं वाटतं, अक्षरं वाचवायचीत आणि हा पुसायला सांगतोय. पण अक्षरं ठेवून स्टाईल लावली तर मॉडेल त्यांच्या जागी लाल गिचमिड काढतं, आणि त्याच्यावर खरी अक्षरं बसवली की खालची गिचमिड कडांमधून डोकावते. कोरी पाटी दिली की छान रंगवलेली कोरी पाटी मिळते. एक ध्यानात ठेवा, strength जास्त ठेवली तर कोऱ्या पाटीवर पण मॉडेल आपल्या मनानं अक्षरं लिहून टाकतं, पाटी दिसली की त्याला लिहायचंच असतं. मी ०.४ च्या वर सहसा जात नाही.

आता माणूस बसवायचा. इथं अक्षरांच्या दृष्टीनं दोनच गोष्टी बिघडतात, पण दोन्ही हटकून बिघडतात. एक, फोटो उलटा असणं. सेल्फी कॅमेऱ्याचे कितीतरी फोटो आरशातल्यासारखे सेव्ह होतात, आणि शिवाय दुकानावर ऊन डावीकडून आणि माणसावर उजवीकडून असलं की आपण सहज माणसाला फ्लिप करतो, उजेड जुळतो पण 'मंडळ' उलटं होतं, आणि गंमत म्हणजे छोट्या आकारात ते पटकन लक्षात पण येत नाही. माणूस फ्लिप करायचाच असेल तर करा, जर्सी कोरी केलेली आहेच, अक्षरं मात्र न फ्लिप केलेल्या मूळ फोटोतून आणायची. फक्त बटणाची पट्टी, खिसा, हातातलं घड्याळ बाजू बदलतं ते घरच्यांना विचारून घ्या. दोन, माणसाचं डोकं पाटीच्या अर्ध्या शब्दावर येणं. 'किराणा'मधला 'कि' डोक्यामागं गेला की उरलेलं 'राणा' वाचलं जातं. एकतर पूर्ण शब्द झाकला जाऊ द्या नाहीतर पूर्ण मोकळा ठेवा, जोडाक्षराच्या मधोमध तर कधीच नको. सेलूच्या कामात नातवाला मी हातभर डावीकडं सरकवलं, दाराच्या चौकटीपाशी, आणि वरची ओळ पूर्ण मोकळी राहिली.

माणूस बसला की सगळ्या फोटोला एकदम स्टाईल लावायची, वेगवेगळी नाही, नाहीतर माणसावरचे ब्रशचे फटके वेगळे आणि दुकानावरचे वेगळे दिसतात. जे चित्र मिळेल ते परत मूळ मापाला, ४००० पिक्सेलला मोठं करून घ्यायचं आणि त्याच्यावर अक्षरांचे लेयर आणायचे. इथं एक अडचण येते, स्टाईल लावताना पाटी ४-५ पिक्सेल इकडंतिकडं सरकलेली असते, कधी किंचित वाकडी पण होते. फोटोशॉपमध्ये मूळ पाटीचा लेयर ५० टक्के ओपॅसिटीवर ठेवा आणि Edit > Transform > Distort घेऊन चारी कोपरे एकेक करून बसवा. गिंपमध्ये पर्स्पेक्टिव्ह टूलनं होतं.

आता मूळ पाटी जशीच्या तशी चिकटवली तर पेंटिंगमध्ये फोटोचा तुकडा चिकटवल्यासारखी दिसते, म्हणून फक्त अक्षरं उचलायची. Select > Color Range घेऊन लाल अक्षरावर क्लिक केलं, Fuzziness हळूहळू वाढवत नेलं, अनुस्वार आणि वेलांटीचं टोक सिलेक्शनमध्ये येईपर्यंत, आणि त्याचा मास्क केला. मग त्या आकारात रंग भरला, पण मूळ फोटोतला लाल नाही, पेंटिंगमध्ये दुसरीकडं जो लाल आला होता, तिथं दारातल्या मिरच्यांच्या पोत्यावर होता, तो उचलून भरला. त्यावर रंगवलेल्या कोऱ्या पाटीची एक कॉपी रंग काढून काळी-पांढरी करून ठेवली, मोड Overlay, ओपॅसिटी ३५ टक्के. यानं काय होतं, पाटीवरचे ब्रशचे फटके अक्षरांवरून पण गेलेले दिसतात आणि अक्षर पाटीत मुरतं. कडा फारच धारदार वाटल्या तर Gaussian Blur १ पिक्सेल, त्याच्या वर नाही.

कुणी म्हणेल एवढं कशाला, मूळ पाटी वर ठेवून मोड Luminosity केला की झालं. तो छोटा रस्ता आहे, अक्षरं न पुसता आणि strength अगदी कमी ठेवून करता येतो, कारण अक्षर वाचायला मुख्य लागतो तो उजेड-अंधाराचा फरक, तो मूळ फोटोतून येतो आणि रंग पेंटिंगमधून. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवायचं असेल तर चालतं. पण पाटीचा आणि अक्षराचा उजेड सारखाच असेल, हिरव्यावर लाल किंवा निळ्यावर लाल, जे आपल्याकडं पेंटर लोकांना लई आवडतं, तिथं हा रस्ता फसतो. फोटो काळा-पांढरा करून बघा, त्यात अक्षर दिसत नसेल तर Luminosity पण वाचवू शकत नाही. पिवळ्यावर लाल मात्र मस्त टिकतं.

जर्सीचं काम वेगळं आहे कारण कापड सपाट नसतं. सरळ अक्षरं ठेवली की स्टिकर लावल्यासारखं दिसतं. स्टाईल लावलेल्या चित्रातली कोरी जर्सी घ्या, म्हणजे घड्या त्याच चित्रातल्या मिळतात, ती काळी-पांढरी करा, ३ ते ५ पिक्सेल ब्लर द्या आणि वेगळी पीएसडी म्हणून सेव्ह करा. मग अक्षरांच्या लेयरवर Filter > Distort > Displace, दोन्ही आकडे ५ ते ८, आणि ती पीएसडी निवडा. हा फिल्टर मधल्या राखाडी रंगाला काही हलवत नाही, उजळ भाग एका बाजूला आणि गडद भाग दुसऱ्या बाजूला सरकवतो, त्यामुळं अक्षर घडीबरोबर वळतं. आकडा १५-२० केला तर 'हनुमान'मधला 'नु' फाटतो, मोह आवरा. गडद अक्षर पांढऱ्या कापडावर असेल तर मोड Multiply. पण काळ्या जर्सीवर पांढरी अक्षरं असली तर Multiply मध्ये ती गायबच होतात, तिथं अक्षरं Normal मध्ये ९० टक्क्यांवर ठेवा आणि कापडाची सावली त्यांच्या वर Multiply नं टाका. आणि एखादं अक्षर खरंच घडीत अर्धं गेलेलं असेल तर ते तसंच राहू द्या, उलगडून पूर्ण लिहायला गेलात की कापड खोटं दिसतं. जर्सीवरचा खालचा प्रायोजकाचा मजकूर माणूस लहान केल्यावर १२-१५ पिक्सेलचा झाला होता, तो मी वाचता यावा म्हणून मोठा नाही केला. त्या अंतरावरून डोळ्याला पण तो वाचता आला नसता. अक्षरांसारख्या पुसट रेघा दिसल्या तरी पुरे.

मूळ फोटोतच पाटी पुसट असेल तर काय? तेव्हा मी पेन टूलनं अक्षरं गिरवतो, अर्धा-पाऊण तास जातो पण पेंटरचा हात राहतो. सेलूच्या पाटीवर 'ण'ला खाली एक झोकदार शेपटी होती, घरातल्या आजींनी फ्रेमवर बोट ठेवून आधी तीच ओळखली. फॉन्टनं ती नसती आली. टाइप करणारच असाल तर दोन गोष्टी बघा. जुन्या फोटोशॉपमध्ये Preferences > Type मध्ये Middle Eastern and South Asian निवडलेलं नसेल तर वेलांटी अक्षराच्या मागं जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात, आणि श्रीलिपीच्या जुन्या फाइलीतून कॉपी केलेला मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये नुसता कचरा दिसतो. दुसरं, फॉन्ट हिंदी वळणाचा घेऊ नका, त्यातला 'ल' आणि 'श' आपल्या पाटीसारखा नसतो, मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. आणि पाटीवर 'स्टोर्स' लिहिलं असेल तर 'स्टोर्स'च ठेवा, 'स्टोअर्स' करू नका, शुद्धलेखन सुधारायला आपल्याला सांगितलेलं नाही.

फोन नंबरकडं मात्र डोळ्यात तेल घालून बघा. मॉडेलनं एक अंक बदलला तरी तो दुसऱ्या कुणाचातरी खरा नंबर असू शकतो, आणि फोटो फिरला की त्या माणसाला फोन जातात. एका कामात माझ्याकडून ३ चा ८ तसाच सुटला होता, फ्रेम झाल्यावर गिऱ्हाइकाच्या मुलीनं दाखवला, परत छापून दिली. तेव्हापासून नंबर एकतर मूळ फोटोतून जसाच्या तसा आणतो नाहीतर साफ पुसट करतो, मधलं काही नाही.

तपासायचं कसं, तर आपण स्वतः वाचून उपयोग नाही, आपल्याला नाव पाठ असतं म्हणून डोळा चुकीचंही बरोबर वाचतो. मी १०० टक्के झूमवर शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडं उलटं वाचतो आणि शेजारी मूळ फोटो ठेवतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार, चूक बहुतेक यातच सापडते. मग ज्याला ते दुकान माहीत नाही अशा माणसाला वाचायला सांगतो, माझ्याकडं शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा पोरगा आहे, तो अडखळला की मी परत बसतो.

शेवटचं, फाइल फ्रेमवाल्याला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. ते लहान करून दाबून पाठवतं, आणि जेपीइजी दाबताना रंगाची माहिती उजेडापेक्षा जास्त कापली जाते, म्हणून पिवळ्यावरच्या बारीक लाल रेघांच्या कडा फेसाळतात, एवढा वेळ घालवून वाचवलेली वेलांटी तिथं जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. १२ बाय १८ इंचाची फ्रेम असेल तर २०० डीपीआयला ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात, तुमचा ४००० बाय ३००० चा फोटो त्याला पुरतो. फक्त प्रमाण वेगळं असल्यामुळं वरून-खालून थोडं कापलं जाईल, आणि पाटी वरच आहे, तेव्हा कापायचं ते खालून कापायला सांगा.